सेलवर थेट सोल्डरिंग नको

जुन्या लॅपटॉपचे १८६५० लिथियम-आयन सेल घेऊन पहिला बॅटरी पॅक बांधतोयस, तर निकेल पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच जोड. सेलच्या आतले दोन्ही इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा सेपरेटर म्हणजे साधारण २० मायक्रॉनचा प्लास्टिकचा पापुद्रा. त्यातलं पॉलिइथिलीन १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून छिद्रं बुजवतं, प्रवाह थांबतो. पण तापमान चढतच राहिलं तर पापुद्रा आकसतो, इलेक्ट्रोड भिडतात आणि थर्मल रनअवे सुरू होतो, म्हणजे सेल स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापत जाऊन पेटू शकतो. सोल्डरिंगचं टोक तर ३५० अंशांचं!

नवीन माणसं आणखी दोन ठिकाणी चुकतात:

- धन टोकाभोवतीची कड ऋण असते. तिथे इन्सुलेशन रिंग लावच.
- चेपलेला सेल वापरतात. चार्ज करून ठेवल्यावर आपोआप व्होल्टेज उतरत असेल, तर आत बारीक शॉर्ट असू शकतो; तोही बाद कर.