आईच्या लघवीच्या जागेजवळची बरी न होणारी जखम आणि बायोप्सी

प्रश्न: आई 68 वर्षांची आहे. लघवीच्या जागेजवळ कडक, उंचवटलेला चट्टा आहे, दोन महिने मलम लावूनही जात नाही. डॉक्टर बायोप्सी सांगतात. खरंच गरज आहे का?

उत्तर: हो, करून घ्या, आणि आता मलम बदलत बसू नका. या वयात तिथे कडक चट्टा टिकून राहिला तर त्वचेचा कर्करोग आहे की नाही हे आधी पाहावं लागतं, आणि ते नुसतं बघून कळत नाही. लायकेन स्क्लेरोसस नावाच्या आजारात तिथली त्वचा पांढरी, पातळ होते, वर्षानुवर्षं खाज सुटते. बहुतेकींना त्यातून कर्करोग होत नाही, पण काहींना होतो, आणि सुरुवातीला तो साध्या चिरेसारखाच दिसतो. आईला अशी जुनी खाज आहे का, हे हळुवार विचारा. बायका लाजेपोटी सांगत नाहीत.

बायोप्सीत जागा बधिर करून तपासणीसाठी साधारण 4 मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात. बधिर करायची सुई चुरचुरते, पुढे फक्त दाब जाणवतो. तुकडा चट्ट्याच्या कडेचा, पुरेसा खोल हवा. जखमेच्या मधोमध नुसत्या मेलेल्या पेशी मिळू शकतात. कर्करोग निघालाच, तर तो 1 मिलिमीटरपेक्षा खोल गेलाय का यावर जांघेतल्या गाठी तपासायच्या की नाही हे ठरतं. म्हणून तपासणीआधी अख्खा चट्टा कापून टाकू देऊ नका, पुढच्या ऑपरेशनची आखणी अवघड होते. बायोप्सीने कर्करोग पसरत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. रिपोर्ट चांगला आला आणि चट्टा तरीही राहिला, तर पुन्हा तुकडा घ्यायला सांगा.