घेतल्या की खाल्ल्या?

प्रिय पोरी,

तुझा गावातल्या पाहणीचा फॉर्म वाचला. चोवीस प्रश्न आहेत, संमतीचा मजकूर वरच आहे, तेही चांगलं केलंस. बाकी बारीकसारीक दुरुस्त्या पेन्सिलीने केल्या आहेत. पत्र लिहितेय ते फक्त अकराव्या प्रश्नासाठी. "आपण लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचे नियमित सेवन करता का? होय / नाही." जवळजवळ हाच प्रश्न घेऊन मीही गेले होते आणि चांगलीच तोंडघशी पडले होते.

तिसऱ्या वर्षाला होते. पाटणच्या बाजूच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आमची कम्युनिटी पोस्टिंग होती. महिन्याची 9 तारीख, म्हणजे गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस. बाहेरच्या बाकावर रांग लागलेली, वजनकाट्याजवळ गर्दी, आणि मी टेबलाच्या कोपऱ्यावर फॉर्म मांडून बसलेली. "सेवन" हा शब्द पहिल्याच बाईला अडला. मग मी शहाणपणा केला आणि सोपं करून विचारायला लागले, "लोहाच्या गोळ्या घेता ना?" त्या "ना"ची लाज मला आजही वाटते. समोरून एकच उत्तर यायचं, "व्हय, घेते की." दुपारपर्यंत एकवीस फॉर्म झाले आणि एकविसांवर "होय"ची खूण. मला वाटलं, काय गुणी गाव आहे!

बाविसावी बाई सात महिन्यांची होती, दुसरं बाळंतपण. तिनेही "घेते की" म्हटलं. मी खूण केली आणि हिमोग्लोबिन उतरवून घ्यायला तिचं माता-बाल कार्ड मागितलं. तिने कापडी पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढली, आणि कार्डाबरोबर लाल गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर सांडल्या. नुसत्या बघूनही कळत होतं, बहुतेक पट्ट्यांना हात लागलेला नव्हता.

"अहो, तुम्ही तर घेते म्हणालात?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली जणू मलाच मराठी येत नाही. "घेते की. दर खेपेला सिस्टर देत्यात, मी घेते. परत कधी केल्या न्हाईत."

माझ्या प्रश्नाचं तिने अगदी खरं उत्तर दिलं होतं. आपल्याकडे "घेणं" म्हणजे हातात घेणंही आणि पोटात घेणंही. कॉलेजात बोलून बोलून आपल्याला दुसराच अर्थ आधी सुचतो. गोळी वाटपाच्या रांगेत बसलेल्या बाईला पहिला सुचला, तर त्यात तिचं काय चुकलं?

मी पेन ठेवलं आणि तिच्याबरोबर हिशोब केला. कार्डावर तीन खेपांना तीस-तीस अशा 90 गोळ्यांची नोंद होती, पहिली खेप 75 दिवसांपूर्वीची. रोज एक खाल्ली असती तर 15 उरायला हव्या होत्या. टेबलावर 61 होत्या. म्हणजे 29 खाल्ल्या, असं मी लिहिणारच होते, तेवढ्यात विचारलं, "घरात आणखी कुणी खाल्ल्या का?" जावेला चक्कर येत होती म्हणून दहाची एक पट्टी तिला दिलेली. म्हणजे तिने खाल्ल्या 19. पंचाहत्तर दिवसांत एकोणीस गोळ्या, हिमोग्लोबिन 9.1, आणि माझ्या फॉर्मवर ठळक "होय".

म्हणून मोजलेल्या गोळ्यांवरही डोळे झाकून विसंबू नकोस. डब्यातून कमी झालेली गोळी कुणाच्या पोटात गेली, हे डबा सांगत नाही. उलट बाजूही लक्षात ठेव. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून बाई खोटं बोलते, असंही समजायचं नाही. गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या असतील, पोटात जंत असतील, किंवा गोळीवर लगेच चहा होत असेल. चहाने लोह अंगी कमी लागतं.

का खाल्ल्या नाहीत, हे मात्र ती लगेच बोलली नाही. शेजारी आशाताई उभ्या होत्या, मागे सासूबाई. आशाताईंसमोर "खात नाही" म्हणणं म्हणजे त्यांची चुगली केल्यासारखं. सासूबाईंसमोर म्हणणं म्हणजे घरी जाऊन बोलणी खाणं. मी वजनाच्या निमित्ताने तिला आत नेलं आणि म्हटलं, "बऱ्याच जणींना या गोळीने मळमळतं, संडास काळी होते. तुम्हाला काय झालं?" मग सगळं बाहेर आलं. सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर गोळी. ढवळायचं, चहासुद्धा उलटून पडायचा. त्यात सासूबाई म्हणाल्या होत्या की या गोळ्यांनी बाळ पोटात फार मोठं होतं, मग पोट फाडावं लागतं.

इथे माझी दुसरी चूक झाली. मी तिथल्या तिथे समजावायला बसले: रात्री जेवण झाल्यावर खा, चहा तासभर लांब ठेव, काळ्या संडासला घाबरू नका, आणि कॅल्शियमची गोळी हिच्याबरोबर नको. सल्ला बरोबर होता, वेळ चुकली. राहिलेल्या प्रश्नांना ती मला आवडतील अशी उत्तरं देत गेली. आधी फॉर्म पुरा करायचा, मग सल्ला. तातडीचं काही दिसलं तर अर्थात फॉर्म बाजूला आणि बाई डॉक्टरांकडे.

संध्याकाळी ते एकवीस "होय" खोडून "नाही" करावेत असा मोह झाला होता. मॅडमनी हात धरला. त्या म्हणाल्या, "तुला माहीत नाही ते खोडतेस कशाला?" काही जणी खरंच खात असतील. शेवटी अहवालात आम्ही तो प्रश्न "गोळ्या मिळाल्या का" या मथळ्याखाली टाकला, कारण त्याने तेवढंच मोजलं होतं, आणि शब्द मध्येच बदलल्याचंही लिहिलं. मार्क कापले गेले. तेही बरोबरच.

तुझ्या अकराव्या प्रश्नाचे आता तुकडे कर. किती मिळाल्या ते कार्डावरून उतरव. किती उरल्या ते पट्ट्या बघून मोज, त्यासाठी आदल्या दिवशी आशाताईंकरवी पट्ट्या आणायचा निरोप धाड. घरात कुणी खाल्ल्या का, ते विचार. मग "काल गोळी खाल्ली का?" आणि तसंच परवाचं. "नियमित" शब्द काढूनच टाक. आठवड्यातून दोनदा न चुकता खाणारी बाईही स्वतःला नियमितच म्हणेल. कालच्या एका उत्तरावरून त्या एका बाईबद्दल निकाल देता येत नाही, पण चाळीस जणींचं "काल" एकत्र केलं की गावाचा अंदाज येतो. आणि जे वाक्य ठरेल ते प्रत्येकीला त्याच शब्दांत, "ना" न लावता विचार.

छापायची घाई करू नकोस. पाच जणींना हे प्रश्न विचार, आणि प्रत्येकीला वर हेही विचार, "मी काय विचारलं असं तुम्हाला वाटलं?" त्या जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत समासात लिहून ते पाच कागद मला पाठव. सतराव्या प्रश्नातल्या "जुलाब"बद्दल मला शंका आहे. दात येतानाच्या पातळ संडासला तुझ्या गावात जुलाब म्हणतात का, ते आधी बघू.

तुझी,
ताई