लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन हलत नाही: ‘नॉर्मल’ रिपोर्ट कधी फसवतात

प्रश्न: माझं वय ३६, राहते मुलुंडला. वर्षभर लोहाच्या गोळ्या घेते आहे, हिमोग्लोबिन साडेआठच्या वर जातच नाही. फेरिटिन ६ आलं. डॉक्टर म्हणतात पाळीमुळे, पण पाळी फार जास्त नाही. ॲसिडिटीसाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेते. दुर्बिणीने पोट तपासलं, ‘नॉर्मल’ म्हणाले. मोठ्या बहिणीचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय, तिचंही हिमोग्लोबिन पडतंय. आम्ही आता काय तपासायचं?

उत्तर:

मी मुंबईत पोटविकारांचा डॉक्टर आहे आणि हा प्रश्न घेऊन आमच्याकडे आठवड्याला कोणी ना कोणी येतंच. बहुतेकींच्या फायलीत तपासण्या भरपूर असतात. त्यातली जी तपासणी निकाल लावणार होती, ती नेमकी चुकीच्या वेळी किंवा अर्धवट झालेली असते. तुमच्याही बाबतीत मला तीच शंका आहे.

आधी एक साधा हिशोब. गोळी खरंच पोटात जात असेल, रिकाम्या पोटी आणि चहा, दूध, कॅल्शियमपासून लांब घेतली जात असेल, तर महिनाभरात हिमोग्लोबिन दीड-दोन ग्रॅमने तरी वर जायला हवं. तेवढं झालं नाही तर कंपनी बदलून पुढचे सहा महिने तेच लोह गिळण्यात अर्थ नाही. लोह शोषलं जात नाही आहे किंवा कुठून तरी गळतं आहे, असं धरून शोध सुरू करायचा. फेरिटिन ६ म्हणजे लोहाची तिजोरी रिकामी, त्यामुळे ‘थॅलेसेमिया मायनर असेल’ एवढं म्हणून तुमच्या बाबतीत थांबता येणार नाही.

लोह शोषलं जातं ते मुख्यतः जठराच्या लगेच पुढे, लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये. तिथे पोचण्याआधी ते विरघळून योग्य रूपात यावं लागतं आणि त्यासाठी जठरातलं ॲसिड लागतं. सीलिॲक आजारात आतड्याचा हाच भाग खराब होतो, एच. पायलोरी जंतूमुळे ॲसिड कमी पडू शकतं आणि वजन कमी करायच्या बायपास ऑपरेशनमध्ये अन्न या भागात जातच नाही. तुम्हा दोघी बहिणींचा प्रश्न या एवढ्याशा जागेभोवती फिरतो आहे.

सीलिॲकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ‘हा पंजाब-हरियाणाकडचा आजार, आपल्याकडे कुठे’ असं अजूनही सर्रास ऐकू येतं. गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आतड्याच्याच आतल्या अस्तरावर उलटते. जुलाब होतातच असं नाही. मोठ्या माणसांत कित्येकदा दमणूक आणि न वाढणारं हिमोग्लोबिन एवढंच लक्षण असतं.

माझ्या एका पेशंटची फाइल सांगतो (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). भांडुपच्या बाई, वय ३८, बँकेत नोकरी. हिमोग्लोबिन ८.१, फेरिटिन ५. गोळ्यांनी काही झालं नाही म्हणून शिरेतून १००० मिलिग्रॅम लोह दिलं गेलं आणि दोन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.९ झालं. सगळे खूश. दहा महिन्यांनी पुन्हा १०.१. आता ‘आतून कुठेतरी रक्त जातंय’ म्हणून घरचे घाबरले.

पण आकडे मांडून बघा. त्यांच्या वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन १ ग्रॅमने वाढवायला साधारण सव्वाशे मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे ८.१ वरून ११.९ ला जाताना पावणेपाचशे खर्च झालं आणि सव्वापाचशेच्या आसपास साठ्यात गेलं. पाळी चालू असलेल्या बाईचं रोज सरासरी दोन-अडीच मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जातच असतं. दहा महिन्यांचं ते झालं सहाशे ते साडेसातशे. आहारातून आत जवळजवळ काहीच येत नसेल, तर साठा संपून हिमोग्लोबिन पावणेदोन ग्रॅमनेही उतरू शकतं. रक्तस्रावाची गरजच नाही, शोषण बंद असणं पुरेसं आहे. शिरेतून दिल्यावर झपाट्याने वाढलं, याचा अर्थ रक्त तयार करणारा कारखानाही शाबूत होता.

सीलिॲकची रक्ततपासणी त्यांनी आधीच केली होती: टीटीजी-आयजीए. रिपोर्ट नॉर्मल. मी विचारलं, त्या वेळी पोळी खात होतात का? तर म्हणाल्या, ‘नाही हो डॉक्टर, रील बघून तीन-चार महिने गहू सोडला होता, पोट हलकं वाटायचं.’ इथेच गफलत. ही तपासणी गव्हाची नाही, गव्हामुळे तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची आहे. गहू बंद केला की प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, आतडंही सुधारू लागतं आणि आजार असूनही कागदावर काही दिसत नाही.

त्यांना रोज दोन-तीन पोळ्या परत सुरू करायला सांगितल्या, सहा आठवडे. पोट फुगलं, कुरकुर झाली, पण त्या नेटाने खात राहिल्या. मग टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए अशा दोन्ही तपासण्या एकाच वेळी केल्या. दुसरी यासाठी, की काही लोकांत जन्मतःच आयजीए नसतं आणि त्यांची पहिली तपासणी कायम निगेटिव्हच येते. या वेळी टीटीजी मर्यादेच्या कितीतरी पट वर होतं.

पुढची पायरी दुर्बीण. ती त्यांची आधी झालेली होती आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ हाच शब्द होता. पण तेव्हा तुकडा घेतला होता फक्त जठराचा. सीलिॲकमध्ये आतड्याचं अस्तर नुसत्या डोळ्यांना पुष्कळदा ठीकठाक दिसतं, बिघाड सूक्ष्मदर्शकाखाली कळतो. म्हणून ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागातून चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन, असे तुकडे घ्यावे लागतात. निरोगी अस्तर टर्किश टॉवेलसारखं धाग्याधाग्यांचं असतं, यांचं झिजून जवळपास सपाट झालं होतं. पॅथॉलॉजीचा शेरा आला मार्श ३बी, म्हणजे अस्तराची बरीच झीज.

म्हणून तुमचा दुर्बिणीचा कागद काढून एवढंच बघा: ‘बायोप्सी’ शब्दापुढे काय लिहिलंय? ड्युओडेनम किंवा त्याचा दुसरा भाग म्हणजे डी-२ असं नसेल, तर सीलिॲकच्या दृष्टीने ती तपासणी झालेलीच नाही. लगेच पुन्हा दुर्बीण नको. गहू खाणं चालू ठेवा, आधी या दोन रक्ततपासण्या करा आणि निकाल येईपर्यंत पोळी सोडू नका.

आजार निघालाच तर गहू, जव, राय ही धान्यं आयुष्यभर बंद. ज्वारी-बाजरी-नाचणी-तांदूळ हे आपलं मूळ जेवणच असल्याने मराठी घरात हे वाटतं तितकं जड नाही. घोटाळा होतो तो आडवाटेने. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, मेतकुटात असतो, सातूच्या पिठात असतो, बाजारच्या डबीतल्या बांधानी हिंगात तर बहुतेकदा गव्हाचं पीठच मिसळलेलं असतं. आणि ज्या गिरणीत आधी कुणाचा गहू दळला, त्यातच तुमची ज्वारी पडली तर भाकरीतूनही ग्लुटेन पोटात जातं. भांडुपच्या बाईंचं टीटीजी सुरुवातीचे काही महिने उतरेना, ते गिरणीमुळेच. घरी छोटी घरघंटी घेतल्यावर उतरलं. शिरेतून लोहाचा आणखी एक डोस द्यावा लागला. त्यानंतर वर्षभराने फेरिटिन ४० च्या वर टिकून होतं, गोळीशिवाय.

आता तुमचं पॅन्टोप्राझोल. ते स्वतःच ॲसिड कमी करून लोहाचं शोषण थोडं घटवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते एच. पायलोरीला लपवतं. औषध चालू असताना जंतूंची संख्या दबते आणि श्वासाची, शौचाची किंवा जठराच्या तुकड्याची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना विचारून ते दोन आठवडे बंद ठेवा. त्याआधीच्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक झालेलं नसावं. मगच श्वासाची (युरिया ब्रेथ टेस्ट) किंवा शौचातल्या अँटिजेनची तपासणी करा. मधल्या काळात जळजळ झाली तर साधं अँटासिड चालतं, फक्त लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. रक्तातली एच. पायलोरी अँटिबॉडी मात्र करू नका. जंतू जुना की आत्ताचा, हे तिच्यातून कळत नाही.

जंतू निघाला तर औषध द्यायचंच. तरीही एक ध्यानात ठेवा, आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या जठरात तो सापडतो. त्यामुळे ‘सापडला, म्हणजे कारण मिळालं’ असं म्हणून सीलिॲकची तपासणी बाजूला ठेवू नये. उपचार सहसा बिस्मथसकट चार औषधांचा, चौदा दिवसांचा. बिस्मथने शौचाला काळं होतं, लोहानेही होतं, घाबरू नका. डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधीचं झालं तर मात्र त्याच दिवशी दाखवा. कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून, पॅन्टोप्राझोल पुन्हा दोन आठवडे बंद ठेवून, जंतू गेला का हे तपासायचं. ही शेवटची तपासणी फार लोक टाळतात.

बहिणीला पहिला प्रश्न विचारा, ऑपरेशन कोणतं? डिस्चार्जच्या कागदावर असेल. स्लीव्हमध्ये जठर लहान होतं, पण वाट तीच राहते. बायपासमध्ये (मिनी बायपासही त्यातच) अन्न ड्युओडेनम टाळून खाली उतरतं, म्हणून लोहाची तूट जास्त. बायपासनंतर, आणि पाळी चालू असेल तर स्लीव्हनंतरही, रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम शुद्ध लोह लागतं. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत ते सहसा एवढं नसतं, पाकिटामागचा ‘एलिमेंटल आयर्न’चा आकडा वाचायचा. सावकाश विरघळणारी किंवा वर लेप असलेली कॅप्सूल नको, ती उघडेपर्यंत शोषणाची जागा मागे पडते. कॅल्शियम दोन तासांच्या अंतराने.

एवढं पाळूनही फेरिटिन पडत असेल तर गोळ्यांची संख्या वाढवत बसू नये, शिरेतून लोह घ्यावं. सोबत बी-१२, फोलेट आणि कॉपर बघावं. कॉपर कमी पडलं तरी हिमोग्लोबिन अडतं आणि ते सहसा कोणी तपासत नाही. ऑपरेशनमध्ये जठर आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होऊन रक्त जातंय का, हेही पाहावं, विशेषतः बहीण अंगदुखीच्या गोळ्या घेत असेल तर.

तुमची टीटीजी पॉझिटिव्ह आली तर बहिणीचीही करा, कारण सख्ख्या भावंडांत हा आजार असण्याची शक्यता बरीच वाढते. मग सगळा दोष ऑपरेशनवर ढकलता येणार नाही. बायपास झाला असेल तर नेहमीच्या दुर्बिणीने त्यांच्या ड्युओडेनमपर्यंत पोचता येत नाही, पण रक्ततपासणी तशीच लागू पडते, आणि गरज लागली तर जोडाच्या पुढच्या आतड्यातून तुकडे घेता येतात.