पिठाचा भडका : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (चोपडा) : सर, पीठ तर खायची वस्तू. पोत्यावर जळती काडी टाकली तरी नुसतं काळं पडतं. मग अख्ख्या खोलीत आगीचा लोळ उठला म्हणतात, ते खरं का?

उत्तर : खरं. पोत्यातल्या पिठाला हवा मिळत नाही. उडालेल्या प्रत्येक कणाला ती चोहीकडून मिळते. डिसेंबर १७८५ मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात एका पिठाच्या कोठारात असंच झालं. एक पोरगा अडकलेलं पीठ खाली ओढत होता, ढीग एकदम कोसळला, ढग उठला आणि भिंतीवरच्या दिव्याने पेटला. पोराचा चेहरा आणि हात भाजले. आणि काडी टाकून पाहणं बंद करा.

प्रश्न (अमळनेर तालुका) : आमची गव्हाच्या पिठाची आणि बेसनाची छोटी मिल आहे. सुट्टीच्या दिवशी सफाई चालू होती. एक जण शिडीवरून कंप्रेसरच्या नळीने वरचं पीठ उडवत होता, उजेडाला स्टँडवर हॅलोजन होता. एकदम भडका झाला आणि क्षणात विझला. शिडीवरच्याचा चेहरा व दोन्ही हात भाजले, खालच्या मदतनिसाचे हात. पत्रे, भिंती शाबूत. पोती वरून करपली. वायरमन म्हणतो शॉर्टसर्किट. खोली वीस बाय सोळा फूट, उंची तेरा. रोजच धुरळा असतो, आजवर काही झालं नाही, मग आताच का?

उत्तर : दर वेळी 'शॉर्टसर्किट' हेच ऐकायला मिळतं. वायरमन म्हणाला म्हणून ते खरं होत नाही.

आधी रोजच्या धुरळ्याचं पाहू. गव्हाच्या पिठाचा ढग पेटायला एक घनमीटर हवेत साधारण ५० ते ६० ग्रॅम पीठ तरंगावं लागतं. पीठ किती बारीक आणि कोरडं यावर हा आकडा मागेपुढे होतो. इतक्या दाट ढगात शेजारी उभा असलेला माणूससुद्धा धड दिसत नाही. चालू मिलमधलं धुकं त्याच्या आसपासही नसतं, म्हणून रोज काही होत नाही. धोका डोक्यावर साचलेल्या पिठात असतो.

तुमचीच खोली घ्या. आकारमान सुमारे १२० घनमीटर. तुळया, केबल ट्रे, चाळणीचं झाकण, धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचं डोकं, पाइपांची पाठ हे सगळं मिळून ३० चौरस मीटर धरू आणि त्यावर पिठाचा थर फक्त १ मिलिमीटर. एका चौरस मीटरवर तो अर्धा किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एकूण १५ किलो. ते सगळं उडालं तर दर घनमीटरला १२५ ग्रॅम होतात. अर्धंच उडालं तरी हद्द गाठली जाते, आणि नळीच्या तोंडापाशी तर ढग याहून कितीतरी दाट असतो. आजवर वर साचत होतं. त्या दिवशी ते सगळं एका दमात हवेत गेलं. 'आताच का' याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे : कंप्रेसरची नळी. जमीन आरशासारखी झाडतात आणि तुळईवर वर्षाचं पीठ ठेवतात, अशा मिल मी नेहमी बघतो. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकांत इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या वरचा थर मोठ्या क्षेत्रावर दिसला की धोका धरतात. मोजायला पट्टी नको. तुळईचा रंग दिसेनासा झाला, की उशीर झाला.

ठिणगी कुठली? मला पहिला संशय हॅलोजनचा आहे. त्याची नळी शेकडो अंश तापते आणि पिठाचा ढग साधारण चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेतो. काच तडकलेली किंवा काढून टाकलेली असेल तर बोलायलाच नको. पाहायचं असं : जाळीवर, काचेवर आधी तपकिरी, मग काळा भाजलेला पापुद्रा आहे का? स्टार्टरची पेटी उघडली तर काजळी आत आहे की फक्त बाहेर? फक्त बाहेर असेल तर आग पेटीत जन्मलेली नाही. एलिव्हेटर त्या आधी चालू होता का? असेल तर बेअरिंग निळसर पडलंय का, पट्टा कडेला घासलाय का, तेही बघा. नळीच्या टोकाशी स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, पण ती शेवटी धरावी, बाकीचं तपासून झाल्यावर. आणि हे सगळं तपासनीस येईपर्यंत धुऊ नका, रंगवू तर मुळीच नका.

पत्रे शाबूत राहिले कारण दारं-खिडक्या उघड्या असाव्यात. दाब कोंडला नाही, म्हणून नुसता भडका झाला. हाच ढग एलिव्हेटरच्या बंद नळीत किंवा धूळ ओढून घेणाऱ्या डस्ट कलेक्टरमध्ये पेटला असता तर स्फोट झाला असता, आणि त्या पहिल्या धक्क्याने तुळयांवरचं पीठ खाली येऊन दुसरा, मोठा भडका उठतो. माणसं बहुधा त्या दुसऱ्यात जातात.

यापुढे वर नळी मारायची नाही. यंत्रं थांबवून, त्यांचा मेन स्विच काढून, वरून खाली येत पीठ ओढून घ्या. त्यासाठी ज्वलनशील धुळीसाठीच बनवलेला, अर्थिंग केलेला व्हॅक्यूम लागतो. कोपऱ्यात मऊ ब्रश, हळू हाताने. उजेडाला धूळबंद एलईडी. खरं दुखणं मात्र यंत्रांना जोडणाऱ्या फाटलेल्या कॅनव्हासच्या बाह्या आणि सैल सांधे. पीठ तिथून गळतं. ते बांधल्याशिवाय सफाईला अंत नाही. यंत्रातून धूळ सुटू न देणं, ती काढणं, पेटवणारं सगळं दूर ठेवणं हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३७ मध्येच लिहिलेलं होतं. नवीन काही सांगत नाही. मिल पुन्हा सुरू करण्याआधी औद्योगिक सुरक्षा विभागाला कळवा आणि जाणकार अभियंत्याला जागेवर आणा. पत्र वाचून मी कुणाला परवानगी देत नाही.

प्रश्न (यावल) : भाऊंना परवा गिरणीत भडका लागला. तोंडाला हळद आणि टूथपेस्ट लावली. भाजलेलं कमी वाटतं, पण आवाज बसलाय. दोन दिवस वाट पाहू का?

उत्तर : नाही, ताई. हे वाचताक्षणी मोठ्या रुग्णालयात न्या. भडक्याच्या वेळी माणूस श्वास ओढतो. आवाज बसणं, नाकपुडीत काजळी, नाकातले केस जळणं ही श्वासनलिका आतून भाजल्याची खूण असू शकते, आणि आतली सूज काही तासांनी वाढत जाऊन श्वास अडवू शकते. परवाचा दिवस तर गेलाच. चेहरा आणि हात भाजले की जखम लहान दिसली तरी डॉक्टर लागतोच. डोळेही तपासून घ्या. लावलेलं खरवडू नका, डॉक्टरांना सांगा.

बाकीच्यांसाठी : भाजल्याबरोबर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी, बर्फ नाही. अंगठी, घड्याळ लगेच काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, स्वच्छ कपड्याने सैल झाका. हळद भाजीत घाला.

प्रश्न (शिरपूर) : एक कंपनीवाला म्हणतो, छताला फायर बॉल टांगा, आग लागली की आपोआप फुटून विझवतो. पिठाच्या मिलला चालेल?

उत्तर : तो जोरात फुटतो म्हणूनच विझवतो, आणि त्याच धक्क्याने तुमच्या तुळईवरचं पीठ खाली येतं. विकणाऱ्याला विचारा, ज्वलनशील धुळीच्या जागेसाठी याची चाचणी झाल्याचा कागद आहे का. बहुतेक तो विषय बदलेल. विस्तवावर पाण्याचा जोरदार झोत किंवा आग विझवायच्या सिलिंडरचा सरळ मारासुद्धा नको. पाण्याची बारीक फवार, लांबून. आत धुमसणारा एलिव्हेटर किंवा हॉपर कधीही उघडू नका. यंत्र थांबवा, माणसं बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा. काय बसवायचं ते दलाकडून लेखी घ्या.

प्रश्न (भुसावळ) : घरचा व्हॅक्यूम क्लीनर चालेल का?

उत्तर : नाही. त्याच्या मोटरीत ठिणग्या पडतात आणि पीठ त्याच हवेतून जातं.

प्रश्न (नंदुरबार) : गल्लीतल्या आमच्या एका चक्कीच्या गिरणीलाही हा धोका आहे का?

उत्तर : कमी, पण आहे. भिंतीवरचं नि पंख्यावरचं पीठ झटकताना चक्की बंद ठेवा, देवापुढचा दिवा विझवा, आणि उघड्या वायरी आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.