निधनाची जाहिरात लिहिताना: तुमचे प्रश्न

वडील मंगळवारी पहाटे दीडला गेले, घरचे सोमवार रात्रच म्हणतात. पेपरात तारीख कोणती द्यायची, दशक्रिया कधी धरायची?

हे दोन वेगळे हिशोब आहेत. निधनाची तारीख दाखल्यावर येणार तीच छापा, म्हणजे मंगळवार, ४ मार्च २०२५. पण पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे गुरुजी सोमवार हाच पहिला दिवस धरू शकतात, मग दशक्रिया १२ ला, आणि मंगळवार धरला तर १३ ला. गेल्याचा दिवस धरूनच मोजायचं असतं, लोक सरळ ४ मध्ये १० मिळवून १४ करून टाकतात आणि नातेवाईक एक दिवस उशिरा रामकुंडावर पोचतात. आधी गुरुजींना फोन करा, मगच मजकूर द्या, आणि तारखेपुढे वार लिहाच, आकडा चुकला तरी वाचणाऱ्याला शंका येते.

जन्म १२ एप्रिल १९४१ चा. वय ८३ की ८४?

एप्रिल आलाच नव्हता, म्हणून पूर्ण झालेली ८३. "वय ८३" किंवा "वयाच्या ८४ व्या वर्षी", दोन्ही बरोबर. "८३ व्या वर्षी" मात्र चूक.

आई गेली. वडील आणि मोठा भाऊ आधीच गेलेत, वहिनी आमच्यातच राहते. परिवार कसा लिहू?

"पश्चात" म्हणजे मागे राहिलेले, म्हणून भाऊ मोजायचा नाही पण वहिनी सून म्हणून हवीच, नाहीतर ते आयुष्यभर लक्षात राहतं हो. वडील नाहीत तेव्हा आईच्या नावाआधी सौ. नको, श्रीमती लिहा.

भावाचं नाव घालायचंय तर ते शेवटी. "कै. अमुक, तमुक यांच्या मातोश्री" असं छापलं की वाचणारा दोघांनाही कै. समजतो, आणि सकाळी तुम्हालाच फोन येतात 😔. मेहुणे शब्दही टाळा, बायकोचा भाऊ की बहिणीचा नवरा ते कळत नाही.

अंत्यविधीचं बघा, पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी हातात पडतो, म्हणून "आज", "उद्या" नकोच. विधी उरकला असेल तर तसं लिहा, बाकी असेल तर वार, वेळ, घराचा पत्ता आणि कुठलं अमरधाम ते स्पष्ट, कारण पंचवटीचं वेगळं न् सिडकोत मोरवाडीचं वेगळं. समजा मंगळवारी दुपारी गेल्या नि संध्याकाळीच विधी झाला, तर मजकूर असा:

"श्रीमती (पूर्ण नाव), वय ८१, यांचे मंगळवार, दि. ४ मार्च २०२५ रोजी वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्यावर त्याच दिवशी पंचवटी अमरधाम येथे अंत्यसंस्कार करण्यात आले. त्यांच्या पश्चात एक मुलगा, दोन सुना, मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे. (धाकट्या मुलाचे नाव) व कै. (थोरल्या मुलाचे नाव) यांच्या त्या मातोश्री होत. दशक्रिया विधी गुरुवार, दि. १३ मार्च रोजी सकाळी ८ वाजता रामकुंड, पंचवटी येथे होईल."

प्रूफ आलं की नावं घरातल्या दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या, रडून थकलेल्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही.