गिटारवर ए मायनर, स्क्रीनवर सी मेजर

मी स्वतः ए मायनर वाजवला, बहीण गायली, मोबाइलवर रेकॉर्ड केलं. कॉर्ड ओळखणारा प्रोग्रॅम मात्र तिथे सी मेजर दाखवतो. चूक कोणाची? (पाचपाखाडी, ठाणे)

चूक प्रोग्रॅमची, पण त्याचा हिशेब मात्र बरोबर आहे. तो रेकॉर्डिंगचा क्रोमा काढतो. क्रोमा म्हणजे बारा स्वरांचे बारा डबे. खर्जातला सी, मधला सी आणि तार सप्तकातला सी, सगळे एकाच डब्यात पडतात. दर क्षणी कुठला डबा किती भरला ते मोजायचं आणि बारा मेजर, बारा मायनर अशा चोवीस साच्यांशी ताडून पाहायचं, एवढंच काम.

तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये बहिणीने जी लांबवला आहे असं समजा. डबे साधारण असे भरतील: ए 0.7, सी 0.8, ई 1.0, जी 0.9. ए मायनरची बेरीज ए, सी, ई मिळून 2.5. सी मेजरची सी, ई, जी मिळून 2.7. दोन स्वर दोन्ही कॉर्डना सामाईक असल्यामुळे निकाल ए विरुद्ध जी एवढ्यावरच लागतो, आणि जी गळ्यातून आलेला आहे हे डब्याला कळत नाही. शिवाय सीच्या तारेतून तिसरा स्वयंभू स्वर जी निघतोच, त्याचीही भर पडते.

सप्तकं एकत्र केली की खाली कोणता स्वर वाजतोय ही माहिती हरवते. ती परत आणायची तर librosa या पायथन लायब्ररीने खालच्या दोन सप्तकांचा क्रोमा वेगळा काढा:

```python
bass = librosa.feature.chroma_cqt(
    y=y, sr=sr,
    fmin=librosa.note_to_hz('C2'), n_octaves=2)
```

गिटारवर नेहमीचा उघडा ए मायनर धरला की या पट्ट्यात ए, ई, ए वाजतात, उघडा सी मेजर धरला की सी, ई, जी. ए ठळक दिसला तर ए मायनर (किंवा ए मायनर सेव्हन) लिहा. बहिणीचा आवाज यातल्या वरच्या सप्तकात थोडा डोकावेल, पण ए झाकण्याइतका सहसा नाही.

बाबांच्या जुन्या कॅसेटवरून गाणं उतरवलं. अर्ध्या गाण्यात डी येतो, नंतर त्याच चालीला डी शार्प. गाण्यात पट्टी बदललेली नाही. (नेरूळ)

पट्टी नव्हे, टेपची गती. प्लेअर 3 टक्के जास्त वेगाने फिरला तर 440 हर्ट्झचा ए 453 च्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ ए आणि ए शार्पच्या बरोबर मध्ये. तिथे डबा ठरवणं नाणेफेकीसारखं असतं. गती किंचित डुलली की कौल उलटतो.

खात्री करायला दहा-दहा सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकावर `librosa.estimate_tuning` चालवा. उत्तर अर्ध्या स्वरापर्यंत वर किंवा खाली येतं. एका तुकड्यात 0.46 आणि पुढच्यात -0.48 आलं तर तो जवळपास एक पूर्ण स्वराचा फरक नाही, एकाच जागेची दोन नावं आहेत. मग आख्खी फाइल स्वरासकट 3 टक्के संथ करा आणि पुन्हा चालवा. संपूर्ण गाणं एक स्वर वर किंवा खाली निघालं तर मी त्याची फिकीर करत नाही, कॅपोने भागतं.

आमच्या भजनाची साथ सी मायनरमध्ये आहे, मागे तानपुरा. सगळीकडे सी मेजरच येतो. (ऐरोली)

तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तुम्हाला माहीत असेलच. तो षड्जाचा पाचवा स्वयंभू स्वर, आणि तो शुद्ध गंधार आहे. सा पांढरी एक असेल तर तो ईच्या डब्यात पडतो. जवारी जितकी खुली, तितका जास्त. तुमच्या कीबोर्डवर कोमल गंधार, डी शार्प, वाजतोय, पण अधूनमधून. तानपुरा मात्र क्षणभरही थांबत नाही.

ओळखायची खूण अशी: ईच्या डब्याची उंची सगळ्या गाण्यात सारखीच आहे का पाहा. ज्या कॉर्डमध्ये ई असायचंच कारण नाही, उदाहरणार्थ एफ मायनर, तिथेही ती तशीच राहिली तर तो तानपुरा आहे. भजन सुरू होण्याआधी काही सेकंद नुसता तानपुरा वाजत असेल तर त्या तुकड्याचा सरासरी क्रोमा काढा आणि गाण्याच्या प्रत्येक क्षणातून तो अर्धा वजा करा. पूर्ण वजा करू नका. मी एकदा केला होता. सी आणि जी दोन्ही उडाले, आणि उरलेल्या एकट्या कोमल गंधारावर प्रोग्रॅमने भलत्याच कॉर्ड शोधल्या. पुढच्या वेळी तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर घ्या, हे सगळं करावंच लागणार नाही.

वीणा-पखवाजावरच्या अभंगातून कॉर्ड काढता येतील का? (ठाणे पूर्व)

त्यात कॉर्ड वाजलेलीच नाही. प्रोग्रॅमच्या यादीत 'कॉर्ड नाही' हा पंचविसावा पर्याय नसेल तर तो काहीतरी नाव देणारच. साथीच्या कॉर्ड तुम्हाला स्वतःच बसवाव्या लागतील.