मराठी जाहिरातीत इंग्लिश किती टक्के घालावं?

प्रश्न: पुण्या-मुंबईतल्या कॉलेजच्या पोरांसाठी ॲड कॉपी लिहितोय. क्लायंट म्हणतो अजून इंग्लिश घाला, मला ते ओढूनताणून वाटतं. किती मिक्स करावं?

टक्के मोजायला बसलात की संपलंच. मी बसलो होतो, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी पुण्यात घरपोच जेवण देणाऱ्या एका छोट्या कंपनीचं काम आमच्याकडे होतं, बसस्टॉपवर लावायच्या जाहिराती. मूळ लाइन इंग्लिशमध्ये आली, रात्रीच्या भुकेबद्दल काहीतरी, आणि नेहमीप्रमाणे 'मराठी करून दे' असा निरोप. मी भाच्याला फोन लावला, तो तेव्हा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा. म्हटलं, रात्री भूक लागली की तुम्ही रूमवर एकमेकांना नक्की काय म्हणता? तो म्हणाला, "काही नाही रे मामा, संडेला रात्री मेस बंद असते, मग कोणीतरी म्हणतं चल मागवू काहीतरी." बघा, 'ऑर्डर करू' नाही म्हणाला, 'मागवू' म्हणाला. (ऑर्डर करू पण म्हणतात, पण त्या दिवशी नाही म्हणाला.) मी लाइन दिली:

संडेला रात्री मेस बंद. मागव की काहीतरी!

आमचे साहेब म्हणाले, यंग नाही वाटत, यात इंग्लिश एकच शब्द आहे. मी म्हटलं दोन आहेत, मेस पण इंग्लिशच. तर म्हणे 'मेस काय इंग्लिश आहे का?' माझं सगळं म्हणणं त्यांनी स्वतःच सिद्ध केलं आणि त्यांना कळलंही नाही. जो शब्द इंग्लिश आहे हे लक्षातच येत नाही तो बिनधास्त घाला, कितीही घाला. शेवटी बसस्टॉपवर लागलं ते हे:

संडे नाइट हंगरला म्हणा बाय-बाय!

आता यात काय चुकलंय ते नीट बघा, कारण चूक इंग्लिश शब्दांची नाहीचे. 'रविवारच्या भुकेला म्हणा रामराम' केलं तरी ते तितकंच खोटं, कारण एखाद्या गोष्टीला बाय-बाय म्हणणं ही इंग्लिश जाहिरातीची वाक्यरचना आहे, मराठी माणूस भुकेला काही म्हणत नाही, त्याला भूक लागते आणि तो खातो. आपण बोलताना इंग्लिश नाम उचलतो आणि त्याला आपला प्रत्यय लावतो, नाहीतर पुढे करणं-होणं जोडतो: संडेला, ॲपवर, रिचार्ज मार, प्लॅन कॅन्सल झाला. सांगाडा मराठीच राहतो. सांगाडा इंग्लिश आणि वर मराठी कातडं, असं झालं की पोरं हसतात. 'मिळवा', 'अनुभवा', 'लाभ घ्या' हे असलं तर बोलताना कोणीच म्हणत नाही, आणि त्याच्या शेजारी 'कूल' ठेवलं की सूट घालून स्लीपरवर आल्यासारखं दिसतं.

दुसरं, दोन शब्द असले तर ते सारखे नसतात. खरेदी लग्नाची असते, शॉपिंग मजेची. कर्ज म्हटलं की छातीवर दडपण येतं, लोन म्हटलं की फॉर्म आठवतो. फुकट तर जवळजवळ शिवीच, म्हणून फ्री. इथे इंग्लिश घ्यायचं ते अर्थासाठी. पण घरपोच इतका छान चालता शब्द असताना 'डोअरस्टेप डिलिव्हरी' कशाला?

आणि देवनागरीत लिहून बघा. 'क्रेव्हिंग्ज' पोरं रोमनमध्ये वाचतात, देवनागरीत जोडाक्षरं सोडवेपर्यंत बस येते.

हां, आता पोरं आपापसात 'लिटरली', 'ब्रो' म्हणतात हे खरं. पण ती त्यांची आपापसातली गोष्ट, तिथे आपण घुसलो की लग्नात डीजेसमोर नाचणारे काका दिसतो. तू की तुम्ही हाही घोळ आहेच, 'मागव' चाललं कारण तिथे रूममेट बोलतोय, बँकेने मला 'तू' म्हटलं तर मी खातं बंद करीन. एसआयपी, ईएमआयसारखे शब्द मात्र आहेत तसेच ठेवा, तिथे मराठी करायला जाल तर लोक घाबरतील. आणि हे सगळं पुण्यापुरतं, नागपूरच्या पोरांची मिसळण वेगळी, त्यात हिंदी येते, तिथे मला विचारू नका.

क्लायंटला एकच करायला सांगा, लाइन घरी मोठ्याने, मुलाकडे बघून म्हणा, जाहिरात आहे हे न सांगता. त्याने मान वर करून 'काय?' विचारलं तर लाइन परत लिहायची. आमच्या साहेबांना मी हेच सुचवलं होतं. ते म्हणाले, माझी मुलगी बेंगळुरूला असते.

भाच्याने त्या बसस्टॉपचा फोटो पाठवला होता, खाली 'मामा, तू?' एवढंच. मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही.